असेंब्लीत पाच मिनिटांचं भाषण : कृष्णविवराच्या सावलीचा पहिला फोटो महत्त्वाचा का?

साखळीची_मावशी (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. माझी भाची नववीत आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्या दिवशीच्या असेंब्लीत तिला पाच मिनिटं बोलायचं आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण तिने मराठीतून बोलायची परवानगी मागितली आणि बाईंनी ती दिली. विषयही बाईंचाच.

तिचा पहिला मसुदा असा: "१० एप्रिल २०१९ या दिवशी शास्त्रज्ञांनी कृष्णविवराचा पहिला फोटो जगासमोर ठेवला. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, तरी त्यांनी त्याचा फोटो काढला. त्यामुळे आइन्स्टाइन बरोबर होते हे सिद्ध झालं." पुढे टाळ्या.

मी एवढंच विचारलं, "अगो, सिद्ध झालं म्हणजे नक्की काय जुळलं कशाशी?" ती गप्प झाली, आणि खरं सांगायचं तर उत्तर मलाही येत नव्हतं. आता ती म्हणते की हे कळल्याशिवाय मी बोलणार नाही. पाचवी ते दहावीची मुलं उन्हात उभी राहून ऐकणार आहेत. त्यांना पोचेल आणि खोटंही होणार नाही असं काय सांगता येईल?

डिचोलीचो_बाब (रात्री ९.४२)

सोपं आहे. एका तरुण मुलीने अल्गोरिदम लिहिला आणि आठ दुर्बिणींचा डेटा जोडून फोटो तयार केला. हार्ड डिस्कच्या ढिगासमोरचा तिचा फोटो त्या वेळी सगळीकडे फिरला होता. भाचीला तिचीच गोष्ट सांगायला लावा, मुली खूष होतील. दक्षिण ध्रुवापासून स्पेनपर्यंत आठ दुर्बिणी एकाच वेळी त्या कृष्णविवराकडे रोखल्या होत्या, हेही सांगा. मोठा काळा गोल म्हणजे खुद्द कृष्णविवर, भोवती आग.

नाखवा (रात्री १०.०५)

माझी एक शंका आहे. सावली म्हणजे कशाची तरी कशावर तरी पडते. झाडाची अंगणात पडते, ग्रहणात चंद्राची पृथ्वीवर पडते. ही सावली कशावर पडली? आणि तिथे ऊन कुठलं? २०१० च्या जानेवारीत कंकणाकृती ग्रहण होतं, तेव्हा आमच्या अंगणात माडाच्या झावळांखाली शेकडो लहान लहान कोरी पडल्या होत्या. त्यातलाच प्रकार का हा?

खोडद_ते_फोंडा (रात्री ११.२०)

नारायणगावजवळ खोडदला जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथे मी बरीच वर्षं काम केलं. आता फोंड्याला घरी असतो. विषय जिवाभावाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नाखवांचं. सावली हा शब्द फसवा आहे, तुम्ही अडखळलात ते बरोबरच. ती कशावरही पडलेली नाही. संध्याकाळी मांडवीच्या काठावर उभे राहा. सूर्य टेकलाय, पाणी लखलखतंय आणि मधून एक होडी जातेय. होडी काळी दिसते, कारण मागचा उजेड तिने अडवला. ही सावली तशी, उजेडाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा काळा आकार. उजेड सूर्याचा नाही. कृष्णविवराभोवती जो तापलेला वायू फिरतोय, त्याचाच तो.

फरक एकच, पण सगळी गोष्ट त्या फरकात आहे. होडी जेवढी असते तेवढीच काळी दिसते. कृष्णविवर जवळून जाणारा प्रकाशसुद्धा वाकवून आत ओढतं. त्यामुळे काळा भाग प्रत्यक्ष विवरापेक्षा मोठा दिसतो, सुमारे २.६ पट. म्हणजे बाब म्हणतात तसं तो काळा गोल खुद्द कृष्णविवर नाही. विवराची सीमा त्या काळ्याच्या आत बरीच खोल आहे. हा २.६ चा आकडा आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघतो. विवर स्वतःभोवती फिरत असलं तरी त्यात फार थोडा फरक पडतो. म्हणून वस्तुमान आणि अंतर माहीत असेल तर सावली केवढी दिसेल हे फोटोच्या आधीच कागदावर लिहून ठेवता येतं. मावशी, तुमच्या "काय जुळलं कशाशी" या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं.

दक्षिण ध्रुवाचं मात्र दुरुस्त करायला हवं. हे कृष्णविवर M87 नावाच्या दीर्घिकेच्या मध्यात आहे आणि ती आकाशाच्या उत्तर गोलार्धात येते. दक्षिण ध्रुवावरून ती कधीच उगवत नाही. तिथल्या दुर्बिणीने दुसरा एक स्रोत पाहिला आणि उपकरणं जुळवायला मदत केली. M87 पाहिली ती सात दुर्बिणींनी, पाच ठिकाणांहून: चिली, हवाई, अॅरिझोना, मेक्सिको आणि स्पेन. एप्रिल २०१७ मधल्या चार रात्री. बाकी उद्या लिहितो, डोळे मिटायला लागलेत.

आबोली (सोमवार, सकाळी ७.१५)

मुद्द्याचं नाही, पण अनुभव सांगते. मागच्या वर्षी माझ्या लेकाने असेंब्लीत भाषण केलं. पहिल्याच वाक्याला माइक गेला. पोराने पाठ केलेलं सगळं म्हटलं, पण तिसऱ्या रांगेपलीकडे कोणालाही काही कळलं नाही. घरी येऊन जेवला नाही. म्हणून सांगते, भाषणात हातात धरून दाखवता येईल अशी एखादी वस्तू असू दे. माइक गेला तरी वस्तू दिसते.

केपेंचे_मास्तर (सकाळी ८.००)

आबोलीताईंशी सहमत. वीस वर्षं असेंब्ली घेतोय. पाच मिनिटांत मुलांच्या लक्षात एकच गोष्ट राहते, दोन सांगितल्या तर एकही राहत नाही. "मानवजातीचं यश" हे कुठल्याही भाषणात चालतं, म्हणून ते राहत नाही. मला स्वतःला विचाराल तर ज्या प्रश्नाची दोन उत्तरं होती आणि फोटोने एक निवडलं, अशी काही गोष्ट असेल तर मुलं कान देतील. तशी काही आहे का?

खोडद_ते_फोंडा (दुपारी १.३०)

मास्तर, आहे. नेमकी तशीच आहे, आणि वर्तमानपत्रांत ती फारशी आली नाही.

फोटोच्या आधी M87 च्या कृष्णविवराचं वजन दोन पद्धतींनी मोजलं होतं. २०११ मध्ये एका गटाने मध्याजवळचे तारे किती वेगाने धावतात ते पाहून हिशेब केला. उत्तर आलं आपल्या सूर्याच्या ६.६ अब्ज पट. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने ताऱ्यांऐवजी तिथे फिरणाऱ्या वायूचा वेग हबल दुर्बिणीतून मोजला. त्यांचं उत्तर ३.५ अब्ज पट. जवळजवळ निम्मं. दोन्ही गट जाणकार, दोन्हींची कामं छापलेली, आणि बरोबर कोण हे कोणालाच सांगता येईना.

आता सावलीचा हिशेब करू. भाचीला वहीत करून पाहता येईल. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर झालं तर त्याची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. ६.५ अब्ज पट धरलं तर त्रिज्या सुमारे १९ अब्ज किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून नेपच्यून जितका दूर आहे त्याच्या चौपटीहून थोडी जास्त. व्यास त्याच्या दुप्पट. सावली त्याहूनही २.६ पट, म्हणजे जवळपास १०० अब्ज किलोमीटर रुंद. हे सगळं साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. इतक्या लांबून ते केवढं दिसेल?

पंचांग पाहणाऱ्यांना अंश, कला, विकला माहीत असतात. एका विकलेचे दहा लाख भाग करा. सावली त्यातल्या सुमारे ४० भागांएवढी दिसायला हवी. वजन ३.५ अब्ज असेल तर सुमारे २१ भागांएवढी. झाले दोन अंदाज, एक मोठा आणि एक निम्मा.

फोटोत काळ्या भागाभोवती दिसणाऱ्या उजळ कड्याचा व्यास निघाला ४२, तीन इकडे किंवा तिकडे. त्यावरून वजन आलं ६.५ अब्ज, साधारण ०.७ अब्ज कमी किंवा जास्त. ताऱ्यांवरून मोजणाऱ्यांचा आकडा जुळला. वायूवाल्यांचं काय चुकलं असावं? त्यांनी धरून चाललं होतं की वायू एका सपाट तबकडीत वर्तुळाकार, शिस्तीत फिरतो. ताऱ्यांना नसतात तसे वायूला धक्के असतात, फुंकर असते, दाब असतो. तो शिस्तीत फिरला नाही तर वेगावरून काढलेलं वजन कमी भरतं.

४२ म्हणजे किती ते मुलांना सांगायचं तर असं सांगा: चंद्रावर कोणी काजूचं एक मोठं बोंड ठेवलं, साधारण आठ सेंटीमीटरचं, तर आपल्या अंगणातून ते जेवढं दिसेल तेवढं.

साखळीची_मावशी (दुपारी २.०५)

देव बरें करूं! दोनदा वाचलं, मग तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "दोन अंदाज, एक निम्मा" म्हणताच ती उठून बसली. तिने लगेच ठरवलंय की दोन टायर न्यायचे. एक बाबांच्या मोठ्या सायकलचा, एक धाकट्याच्या लहान सायकलचा, बरोबर निम्म्या मापाचा बघून. माइक गेला तरी टायर दिसतील, आबोली.

पण तिची शंका आहे. फोटो काढणाऱ्यांना आधीच माहीत होतं ना की कडं दिसायला हवं? मग त्यांना हवं तेच दिसलं नसेल कशावरून?

मडगाव_स्कॅन (दुपारी ३.४०)

पोरीची शंका अगदी रास्त आहे. मी सीटी स्कॅन काढतो, अठरा वर्षं झाली. आमच्याकडेही यंत्र पोटाच्या आतला फोटो काढत नाही. चहूबाजूंनी किरण सोडतं, किती आरपार आले ते मोजतं आणि त्यावरून कॉम्प्युटर चित्र बांधतो. कोन पुरेसे मिळाले नाहीत तर चित्रात नसलेल्या रेषा उमटतात. नवा डॉक्टर त्या रेषेला फ्रॅक्चर समजू शकतो. आणि मूल हललं तर विचारूच नका. तीन वर्षांचं पोर टेबलावर ठेवलं की एका सेकंदात सगळं धुऊन निघतं.

तर पाच ठिकाणांहून मिळून किती कोन मिळाले असतील? आमच्या हिशेबाने हे काहीच नाही. मग चित्रावर विश्वास कसा ठेवायचा?

डिचोलीचो_बाब (दुपारी ४.१०)

तेच तर मी म्हणतोय, ते काम अल्गोरिदमने केलं. रिकाम्या जागा त्याने भरल्या.

खोडद_ते_फोंडा (रात्री ९.००)

स्कॅनवाल्या भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आमचंही काम तसंच चालतं. दोन दुर्बिणींची एक जोडी म्हणजे एक फणी समजा. दुर्बिणी जवळ असतील तर फणी जाड दातांची, लांब असतील तर बारीक दातांची. प्रत्येक फणी आकाशातल्या चित्रातून फिरवली की एकच कळतं: या मापाचं, या दिशेचं किती आहे. सगळ्या मापांच्या आणि सगळ्या दिशांच्या फण्या असत्या तर चित्र पूर्ण झालं असतं. इथे थोड्याच होत्या. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा रात्रभर बदलत जातात, त्यामुळे थोडी भर पडते, पण भोकं राहतातच. सर्वांत लांब जोडी सुमारे ११ हजार किलोमीटरची. या लहरीने त्याहून फारसे बारीक दात पृथ्वीवर शक्य नाहीत. लहर १.३ मिलिमीटरची होती, त्या हिशेबाने सर्वांत बारीक तपशील साधारण २० ते २५ भागांचा दिसतो. म्हणजे कडं २१ चं असतं तर मधला काळा भाग बहुधा भरूनच गेला असता आणि नुसता ठिपका दिसला असता. ४२ होतं म्हणून पोकळी दिसली.

आता "हवं तेच दिसलं का" हा प्रश्न. त्यांनी काय केलं ते ऐका. जून २०१८ मध्ये डेटा हातात आल्यावर चित्र बनवणाऱ्यांचे चार गट केले. एका गटाने दुसऱ्याशी चित्राबद्दल बोलायचं नाही असा नियम. सात आठवडे चारही गट वेगवेगळं काम करत होते. दोन गट एका जुन्या रीतीने, दोन नव्या रीतीने. जुलैच्या शेवटी अमेरिकेत केंब्रिजला सगळे जमले आणि चार चित्रं शेजारी शेजारी ठेवली. चारही चित्रांत कडं होतं, साधारण त्याच मापाचं, आणि चारही चित्रांत दक्षिणेकडची बाजू जास्त उजळ. ती बाजू उजळ का? तिथला वायू आपल्याकडे येतोय, जवळपास प्रकाशाच्या वेगाने, आणि आपल्याकडे येणाऱ्याचा उजेड वाढून दिसतो.

इथेही ते थांबले नाहीत, आणि मला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. त्यांनी खोटी आकाशं तयार केली. एकात कडं, एकात चंद्रकोर, एकात मधे पोकळी नसलेली भरीव चकती, एकात दोन ठिपके. तीच दुर्बिणींची भोकं, तोच गोंगाट त्यांत घातला आणि त्यातून चित्र बनवून पाहिलं. चित्र बनवताना बरीच बटणं फिरवावी लागतात: गुळगुळीतपणा किती, क्षेत्र केवढं, असं पुष्कळ. बटणांच्या हजारो जुळण्या करून पाहिल्या. ज्या जुळण्या भरीव चकतीतूनसुद्धा पोकळी काढून दाखवायच्या, त्या फेकून दिल्या. ज्यांनी चारही खोटी आकाशं ओळखली, त्याच खऱ्या डेटावर वापरल्या. तरीही कडं आलं.

बाब, ज्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ती या कामात होतीच, खरं मोलाचं काम तिने केलं. पण तिचा २०१६ चा प्रसिद्ध अल्गोरिदम या फोटोसाठी वापरलेला नाही, आणि गटात दोनशेहून जास्त माणसं होती. एकीनेच केलं असं सांगितलं तर तिच्यावरही अन्याय होतो. तिने स्वतःसुद्धा हे सर्वांचं काम असल्याचं सांगितलं होतं.

डिचोलीचो_बाब (रात्री ९.२५)

मान्य, तेवढं मला माहीत नव्हतं. पण हार्ड डिस्कचं तरी खरं ना?

खोडद_ते_फोंडा (रात्री ९.४०)

ते शंभर टक्के खरं. डेटा इतका की इंटरनेटने पाठवणं शक्य नव्हतं. डिस्क खोक्यांत भरून विमानाने अमेरिकेला आणि जर्मनीला नेल्या. दक्षिण ध्रुवाच्या डिस्क तिथल्या हिवाळ्यात अडकून पडल्या, कित्येक महिने विमानच उतरत नाही. त्या डिसेंबर २०१७ मध्ये पोचल्या. प्रत्येक दुर्बिणीपाशी अणुघड्याळ होतं, कारण दोन ठिकाणच्या नोंदी जुळवताना वेळ अगदी बारीक जमली पाहिजे. तेवढं सांगा, मुलांना खोकी आवडतात.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली, जरा तांत्रिक आहे पण भाचीला सांगा. कडं दिसण्यासाठी चित्राची गरजसुद्धा नव्हती. दुर्बिणींच्या जोड्यांची अंतरं वाढत जातात तसा सिग्नल कमी होत जातो. M87 वरून पाहिलं असता ४,४०० किलोमीटरच्या आसपास असणाऱ्या जोड्यांत तो जवळजवळ शून्य झाला, आणि त्याहून लांब जोड्यांत पुन्हा वर आला. नुसता मऊ ठिपका असता तर कमी होऊन पुन्हा वर येण्याचं कारण नव्हतं. पातळ कड्यासाठी व्यास काढायचं साधं सूत्र आहे:

```
व्यास ≈ 0.77 × लहर ÷ अंतर
     = 0.77 × 1.3 मिमी ÷ 4400 किमी
```

हे विकलेच्या त्याच भागांत बदललं की ४७ च्या आसपास येतं. अगदी ढोबळ हिशेब, कडं पातळ आणि सगळीकडे सारखं उजळ धरून. पण एका आकड्यातून चित्राच्या शेजारी पोचतो आपण. रंग मात्र कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. रेडिओ लहरींना रंग नसतो, तो नारिंगी रंग आपण भरलेला.

मडगाव_स्कॅन (रात्री १०.१०)

भरीव चकतीची परीक्षा मला पटली. आम्हीसुद्धा पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा डबा स्कॅन करून यंत्र तपासतो. आत काही नाही हे आधीच माहीत असतं. तरी चित्रात काही दिसलं तर दोष यंत्रात. पण हलणाऱ्या पोराचं काय? तो वायू तर फिरतोय.

खोडद_ते_फोंडा (रात्री १०.२५)

फिरतो, पण M87 चं विवर अवाढव्य आहे. वायूला एक फेरा घालायला कित्येक दिवस लागतात, म्हणून एका रात्रीत चित्र जवळपास स्थिर. आपल्याच आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पटच आहे, सुमारे १,६०० पट लहान. तिथे वायू काही मिनिटांत फिरतो. म्हणजे अगदी तुमचं टेबलावरचं तीन वर्षांचं पोर. त्याचा डेटाही त्याच एप्रिल २०१७ चा, पण चित्र यायला १२ मे २०२२ उजाडलं.

केपेंचे_मास्तर (मंगळवार, सकाळी ६.५०)

आता मुद्द्याची गोष्ट. "आइन्स्टाइन सिद्ध झाले" हे वाक्य ठेवायचं की काढायचं? मला वाटतं काढावं. एक मोजमाप जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं मुलांच्या मनात बसलं तर ते चुकीचं बसेल.

खोडद_ते_फोंडा (सकाळी ८.३०)

मीही काढलं असतं. त्याऐवजी असं म्हणावं: हिशेबाने जेवढी सावली सांगितली होती तेवढी निघाली. चूक निघू शकली असती, निघाली नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की सगळं मिटलेलं नाही. २०२२ मध्ये जपानच्या तीन खगोलशास्त्रज्ञांनी तोच डेटा पुन्हा तपासून लिहिलं की आम्हाला कडं दिसत नाही, गाठी दिसतात, आणि कडं हे दुर्बिणींच्या भोकांमुळे आलं असावं. मूळ गटाने त्याला उत्तर दिलं, इतर काही गटांनी स्वतंत्रपणे तपासलं तेव्हा त्यांना कडंच मिळालं. २०१८ चा डेटा वेगळा, त्यात ग्रीनलंडची नवी दुर्बीणही जोडली होती. त्यात कडं त्याच मापाचं निघालं, फक्त उजळ भाग सुमारे ३० अंश सरकलेला. भोकांमुळे आलं असतं तर दुसऱ्या वर्षी, वेगळ्या दुर्बिणींत तेच माप यायला नको होतं. माझा कल कुठे ते उघड आहे. वजनाचंही पूर्ण मिटलं असं म्हणणार नाही. २०२३ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीने ताऱ्यांवरून पुन्हा मोजलं तेव्हा सुमारे ५.४ अब्ज आलं. ६.५ पेक्षा कमी, ३.५ पेक्षा बरंच जास्त. हा फरक का, यावर अजून काम चालू आहे.

नाखवा (सकाळी ९.१०)

उजळ भाग सरकला म्हणजे कडं फिरतंय का? होडीची सावली तशीच आणि पाण्यावरचा लखलखाट सरकतो, तसं?

खोडद_ते_फोंडा (सकाळी ९.३५)

नाखवा, उपमा जमली. लखलखाट वायूचा, तो बदलत राहतो. सावलीचं माप वजनाने ठरतं, ते वर्षभरात बदलणार नाही. नेमका किती आणि का सरकला हे मात्र अजून उलगडायचं आहे.

साखळीची_मावशी (रात्री ८.४५)

तिने दुसरा मसुदा लिहिला. सुरुवात अशी आहे:

"माझ्या उजव्या हातात मोठा टायर आहे, डाव्या हातात लहान. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर एक कृष्णविवर आहे. एका गटाने त्याचं वजन मोजलं, त्याप्रमाणे त्याची सावली या मोठ्या टायरएवढी दिसायला हवी होती. दुसऱ्या गटाने मोजलं, त्याप्रमाणे या लहान टायरएवढी. दोघेही हुशार, दोघांनीही नीट मोजलं. मग सावली पाहिली. हात वर करा, तुम्हाला कुठला टायर वाटतो?"

इथे ती थांबणार, मुलांना हात वर करू देणार, आणि मग लहान टायर खाली ठेवणार. पुढे चार गटांची आणि खोट्या आकाशांची गोष्ट. चंद्रावरचं बोंड शेवटच्या मिनिटात. आइन्स्टाइनचं वाक्य काढलं. जपानच्या शास्त्रज्ञांचं घ्यावं की नाही यावर आमच्या घरात मतभेद आहेत. तिची आई म्हणते मुलं गोंधळतील, ती म्हणते घेणार.

केपेंचे_मास्तर (रात्री ९.१५)

घेऊ दे. एकच वाक्य, हळू, आणि त्यानंतर २०१८ चं. आणि टायर धुऊन न्या, पांढऱ्या गणवेशावर काळे डाग पडतात.

मडगाव_स्कॅन (रात्री ९.३०)

चकतीची परीक्षा सांगताना तिसरी वस्तू दाखवता येईल का? मधे भोक नसलेली, ताटासारखी. "आम्ही यंत्राला हे ताट दाखवलं, त्याने भोक दाखवलं तर ते यंत्र बाद."

आबोली (रात्री ९.५०)

ताट मी देते, आमच्याकडे पितळेचं मोठं आहे. साखळीच्या बाजाराला येतेच आहे शुक्रवारी.

साखळीची_मावशी (रात्री १०.०२)

शुक्रवारी सकाळी येते मग ताट घ्यायला. खोडदकाका, तिचा अजून एक प्रश्न आहे, मला नीट मांडता येत नाही: काळ्या भागात अगदीच काही दिसत नाही का, की थोडा उजेड आहे?

खोडद_ते_फोंडा (रात्री १०.२०)

थोडा आहे. वायू आपल्या आणि विवराच्या मधेही आहे, त्याचा उजेड येतोच. फोटोतून एवढंच सांगता येतं की कडं मधल्या भागापेक्षा निदान दहा पट उजळ आहे. मधे त्याहून किती काळोख आहे ते या दुर्बिणींना सांगता येत नाही. अवकाशात एखादी दुर्बीण सोडून जोडी आणखी लांब केली तर कळेल. तिला म्हणावं, काळं म्हण, पण "पूर्ण काळं" म्हणू नको.